बीसीपीतून पहिल्या तासाची कार्डे काढताना दुसऱ्या नावाकडे लक्ष द्यावे

नागरी सहकारी बँकेचा व्यवसाय सातत्य आराखडा, म्हणजे रोजच्या बोलण्यातील बीसीपी, साठ-सत्तर पानांचा असतो आणि तपासणीसाठी तो तसा असणे योग्यच आहे. एटीएममधून भलत्याच रकमा निघत असल्याचा फोन येतो तेव्हा मात्र ती फाईल कोणी उघडत नाही. त्या वेळी प्रत्येकाच्या हातात स्वतःचे एक पान हवे. मागच्या वेळी मी अशी कार्डे तयार केली तेव्हा प्रत्येकावर एकच नाव होते, आणि सरावाच्या दिवशी दोन कार्डांची माणसे रजेवर निघाली. त्यामुळे या यादीत दुसऱ्या नावाचा विषय वारंवार येईल.

सुरुवात आराखड्यातील मजकूर गाळण्यापासून करावी. उद्दिष्टे, व्याप्ती, जोखमींचे तक्ते, पूर्वपदाची मुदत यांपैकी काहीही कार्डावर नको. लाल पेन घेऊन पहिल्या साठ मिनिटांत करावयाच्या कृतींखाली तेवढी रेघ मारावी. त्यासाठी एकच प्रसंग धरावा, सर्व आपत्तींसाठी एकच कार्ड करू नये. येथे एटीएमवरील सायबर हल्ला घेतला आहे, कारण तो पुण्यात प्रत्यक्ष घडलेला आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस बँकेच्या बनावट कार्डांवर अठ्ठावीस देशांतील एटीएममधून सुमारे ऐंशी कोटी रुपये काही तासांत काढले गेले. तो दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकेच्या सुट्टीचा दिवस. सुट्टीच्या दुपारी कार्डावरील पहिले नाव गावी, लग्नात किंवा विमानात असू शकते, हे धरूनच कार्ड लिहावे.

रेघ मारलेली वाक्ये बहुधा ‘संबंधितांना तत्काळ कळविण्यात यावे’, ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात यावी’ अशा घडणीची निघतात. कार्डावर असे वाक्य एकही राहता कामा नये. कोणी, कोणाला, कोणत्या क्रमांकावर आणि काय सांगायचे, हे लिहिता येत नसेल तर ते काम आराखड्यातच ठरलेले नाही असे समजावे आणि आधी ते ठरवून घ्यावे. कार्डे पाच पुरतात: घटना प्रमुख, स्विच व कार्ड विभाग, माहिती तंत्रज्ञान, शाखा समन्वय, आणि नियामक संपर्क व नोंद. कार्ड पदाचे असते, व्यक्तीचे नव्हे; पदाखाली पहिले नाव, दुसरे नाव आणि दोघांचे मोबाईल क्रमांक अंकांत छापलेले असावेत.

आता दुसरे नाव. ते केवळ लिहून काम होत नाही. पाचही कार्डे टेबलावर शेजारी शेजारी मांडावीत आणि एकच नाव किती ठिकाणी येते ते मोजावे. बहुतेक बँकांत एकच तडफदार अधिकारी तीन कार्डांवर दुसरा म्हणून सापडतो. पहिली तीन माणसे नसताना तो तीन फोन एकाच वेळी करू शकत नाही, म्हणून एक माणूस एकाच कार्डावर दुसरे नाव म्हणून यावा आणि तो इतर कोणत्याही कार्डावर पहिले नाव नसावा. पहिला आणि दुसरा एकत्र रजेवर जाणार नाहीत, अशी नोंद रजा मंजूर करणाऱ्याकडे असावी. दहा मिनिटांत पहिला फोन उचलत नसेल तर दुसऱ्याने कोणाच्याही परवानगीशिवाय काम हाती घ्यावे, असे कार्डावर ठळक छापावे. हे ‘दहा मिनिटे’ लिहिले नाही तर दुसरा माणूस पहिल्याची वाट पाहत बसतो.

याच ठिकाणी सर्वांत मोठी चूक होते. स्विच व कार्ड विभागाच्या कार्डावरील पहिले काम म्हणजे कार्ड नेटवर्कला आणि एनपीसीआयला, किंवा आपण ज्या प्रायोजक बँकेमार्फत जोडलेले आहोत तिला, फोन करून आपल्या बँकेचे कार्ड व्यवहार थांबवण्यास सांगणे. आपला स्विच बंद करून हे साधेलच असे नाही: कॉसमॉसच्या प्रकरणात बनावट स्विच मध्ये बसवून व्यवहारांना परस्पर मंजुरी दिली जात होती, त्यामुळे दरवाजा पलीकडून बंद होणे आवश्यक असते. पण पलीकडचा माणूस ओळख पटल्याशिवाय हे करणार नाही. त्याच्याकडे आपल्या बँकेच्या अधिकृत संपर्क व्यक्तींची यादी असते. दुसरे नाव आपल्या कार्डावर आहे आणि त्या यादीत नाही, तर त्या दुपारी ते नाव निरुपयोगी आहे. कार्ड छापण्यापूर्वी प्रत्येक दुसरे नाव त्या यादीत नोंदवून घ्यावे आणि लेखी पोच फाईलला लावावी. तोंडी होकारावर विसंबू नये.

अधिकाराचेही तसेच. सगळ्या खातेदारांची कार्डे सणाच्या तोंडावर बंद करण्याचा निर्णय घेताना माणूस कचरतो आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला फोन लावत राहतो. तेवढ्यात रक्कम वाढत जाते. म्हणून ‘संशय असल्यास आधी बंद करावे, नंतर कळवावे’ असा संचालक मंडळाचा ठराव करून त्याचा क्रमांक कार्डावर छापावा, आणि ठरावात पहिल्याबरोबर दुसऱ्याचेही पद लिहून घ्यावे.

माहिती तंत्रज्ञानाच्या कार्डाचे तीन टप्पे पुरेत. पहिल्या दहा मिनिटांत संशयित यंत्रांची नेटवर्क केबल काढावी, पण यंत्र बंद करू नये, कारण स्मृतीतील पुरावा वीज जाताच नष्ट होतो. घाबरलेला माणूस नेमके बटणच दाबतो, म्हणून हे वाक्य मोठ्या अक्षरांत हवे. दहा ते तीस मिनिटांत कोअर बँकिंग पुरवठादाराला कळवावे आणि बाहेरून येणाऱ्या सर्व जोडण्या तोडाव्यात. तीस ते साठमध्ये स्विचच्या नोंदी आणि कोअर बँकिंगच्या नोंदी जुळवाव्यात: स्विचवर मंजूर आणि खात्यात नावे न पडलेला व्यवहार ही हल्ल्याची ठळक खूण आहे, मात्र नुसत्या तांत्रिक बिघाडातही एखाददुसरी अशी नोंद निघते, हेही कार्डावर असावे.

नोंद ठेवणाऱ्याने हल्ला लक्षात आल्याची वेळ सर्वांत आधी लिहावी, कारण २०२२च्या निर्देशांनुसार सीईआरटी-इनला सहा तासांत कळवावे लागते. पत्ता `incident@cert-in.org.in` असा जसाच्या तसा छापावा. रिझर्व्ह बँकेला कळवण्याचे काम याच कार्डावर, दुसऱ्या नावासह.

शाखा समन्वयाच्या कार्डावर खातेदारांना सांगावयाची दोन वाक्ये तयार असावीत, बाकी काही नको.

छपाईबद्दल थोडक्यात: एकच बाजू, मोठा टाईप, लॅमिनेशन. एक प्रत कार्यालयात, एक पहिल्याच्या घरी आणि एक दुसऱ्याच्या घरी. संगणकावरील प्रत धरू नये. हल्ल्यात ती उघडणार नाही.

सराव सुट्टीच्या दिवशी घ्यावा, आणि पहिल्या नावाच्या पाचही जणांना फोन उचलू नका असे आधी सांगून ठेवावे. दुसऱ्याने नेटवर्ककडे केलेला चाचणीचा फोन ओळख पटून स्वीकारला जातो का, एवढे नक्की पाहावे. त्यासाठी त्यांच्याशी आधी वेळ ठरवावी लागते.

बदल्यांचे आदेश निघाले की त्याच आठवड्यात जुनी कार्डे परत घ्यावीत, नवी द्यावीत आणि अधिकृत यादीतील नावेही त्याच वेळी बदलावीत, दुसरी नावे धरून.