चेंडूचा व्हिडिओ काढण्याआधी: पट्टी कुठे ठेवणार?

फेकलेल्या चेंडूचा कोन, वेग आणि पल्ला व्हिडिओवरून काढायचा प्रयोग आहे. मोबाइल चार्ज, मेमरी रिकामी, टेप सोबत, हे सांगायला नको. चेंडू टेनिसचा घ्या. प्लास्टिकच्या हलक्या चेंडूला हवाच अडवते. खानदेशातल्या उघड्या मैदानावर दुपारी वारा सुटला की सगळं वाया जातं, म्हणून सकाळीच उरका.

आता मीटरपट्टी. ती चेंडू ज्या रेषेतून उडणार त्याच रेषेत उभी करायची. मागच्या भिंतीला टेकवायची नाही. गेल्या वेळी मी ती भिंतीलाच टेकवली आणि सगळा प्रयोग तिथेच गेला. मोबाइलपासून चेंडूची रेषा १० मीटरवर होती, भिंत १२ मीटरवर. लांबची पट्टी पडद्यावर लहान दिसते, त्यामुळे चेंडूची प्रत्येक लांबी १.२ पट मोजली गेली. जमिनीवर आधी चुन्याची रेघ ओढा, पट्टी रेघेवर धरा, चेंडू रेघेवरून फेका. पट्टी रेघेवर!

मोबाइल त्या रेघेला काटकोनात, झूम न करता, अजिबात न हलवता ठेवा. चेंडूची सगळी वाट चौकटीच्या मध्यभागात राहू द्या, कडेला लेन्स रेषा वाकवते. स्लो-मोशन नको, फाइल सेकंदाला ३० फ्रेमची दिसते, पण खरा वेळ वेगळा असतो.

गणित असं. ३० फ्रेमच्या व्हिडिओत तीन फ्रेम म्हणजे ०.१ सेकंद. हात सुटल्यापासून तेवढ्यात चेंडू पुढे ०.६० मीटर आणि वर ०.५५ मीटर गेला. या दोन आकड्यांवरून थेट कोन काढलात तर साडेबेचाळीस अंश येतो, तो कमी आहे, कारण तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने चेंडू ०.०५ मीटर खाली ओढला. ते वर मिळवा: ०.६० आणि ०.६०, म्हणजे कोन ४५ अंश, दोन्ही वेग सेकंदाला ६ मीटर. नेहमीच्या सूत्राने पल्ला ७.३ मीटर येतो, पण ते सूत्र चेंडू सुटल्या उंचीलाच परत येतो असं धरतं. हात दीड मीटरवर असेल तर चेंडू १.४४ सेकंद हवेत राहतो आणि पल्ला ८.६ मीटर भरतो. टेपने मोजून ताडा.

पट्टी चुकली तर कोन बरोबरच येतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पल्ला मात्र १२ मीटरच्या आसपास निघतो. खूण एकच: व्हिडिओतूनच g काढा. ९.८ ऐवजी ११.८ आलं, तर पट्टी मागे होती. तेव्हा आकडे ओढूनताणून बसवू नका, पट्टी रेघेवर आणून पुन्हा फेका.

बाकी, पाच-सहा फेका, सरासरी, आलेख, वहीत तारीख. सही घ्या.