साइड स्टँडवर ३.७९ जी : दोन बाइट जोडताना मी जिथे अडकलो

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता, बाईक पडली की घरी मेसेज जाणार. बुधवार पेठेतून एमपीयू-६०५० चं निळं मॉड्यूल आणलं, आधी यूनोवर चालवलं, एक्स वाय झेड तिन्ही एकदम झकास. मग वायफाय पाहिजे म्हणून तोच कोड जसाच्या तसा ईएसपी३२ वर टाकला, बाबांची बाईक साइड स्टँडवर लावली आणि मेसेज यायला लागले, बाईक पडली, बाईक पडली, बाईक पडली. बाईक मस्त उभी. मेन स्टँडवर घेतली तरी अधूनमधून पडतच होती. उजवीकडे हाताने कलवली की मात्र सगळं बरोबर!

आयटूसी जोडणं, सेन्सरला झोपेतून उठवणं (`0x6B` मध्ये शून्य), हे तुम्हाला येतंच असं धरतो. मी बोलणार आहे त्या एका ओळीबद्दल जिच्यात माझे तीन आठवडे गेले.

```cpp
int x = (Wire.read() << 8) | Wire.read();
```

ही ओळ तुम्हाला शंभर ठिकाणी दिसेल. मीही तशीच उचलली होती, कुणी विचारलं असतं की काय करते तर सांगितलं असतं "दोन बाइट जोडते", एवढंच. जोडते हे खरं, पण जोडून जे तयार होतं ते मायनस आहे की प्लस हे कोण ठरवतं, हा प्रश्नच कधी पडला नाही.

आता बाईकवरचंच खरं रीडिंग घ्या. साइड स्टँडवर ती डावीकडे साधारण बारा अंश झुकते. सेन्सरने वरचा बाइट दिला `0xF2` आणि खालचा `0xB2`. वरचा म्हणजे २४२, त्याला २५६ ने गुणलं की ६१९५२, त्यात खालचे १७८ मिळवले की ६२१३०. इथपर्यंत सगळे बरोबरच करतात. पण सेन्सरने ६२१३० पाठवलेलंच नाहीये, त्याने सोळा बिटांत टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीने मायनस आकडा पाठवलाय. त्या पद्धतीत सगळ्यात वरच्या, म्हणजे सोळाव्या बिटाची किंमत प्लस ३२७६८ नसून मायनस ३२७६८ असते. तो बिट एक असेल तर आपण ३२७६८ वजा करायच्या ऐवजी मिळवलेले असतात, म्हणजे बरोबर ६५५३६ ची चूक. ६२१३० वजा ६५५३६ म्हणजे उणे ३४०६. हा खरा आकडा.

मग यूनोवर का चाललं? कारण यूनोवर `int` सोळाच बिटांचा असतो. तिथे सोळावा बिट हाच चिन्हाचा बिट, त्यामुळे आकडा आपोआप मायनस होऊन बसायचा. ईएसपी३२ वर `int` बत्तीस बिटांचा. चिन्हाचा बिट गेला पार वर बत्तिसाव्या जागी, आणि आपला सोळावा बिट बिचारा साधा आकडा झाला. कोड तोच, सेन्सर तोच, वायरी त्याच, फक्त डबा मोठा झाला. हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला स्वतःचाच राग आला, कारण यूनोवरसुद्धा मला काही समजलं नव्हतंच, ते नशिबाने चालत होतं.

चूक ओळखायची खूण सोपी आहे. प्लस-मायनस २ जीच्या रेंजला एक जी म्हणजे १६३८४ काउंट, आणि ६५५३६ भागिले १६३८४ म्हणजे बरोबर ४. म्हणजे प्रत्येक मायनस रीडिंग खऱ्यापेक्षा नेमकं ४ जीने जास्त दिसणार. माझं उणे ०.२१ चं झालं ३.७९. २ जीच्या रेंजमध्ये ३.७९ येऊच शकत नाही हो, पण मी ते बघून "सेन्सर डुप्लिकेट निघाला" म्हणून दुसरा आणला. तोही डुप्लिकेट निघाला. तुम्ही तिसरा आणू नका. सपाट टेबलावर एक्स जर शून्याच्या जवळ आणि चारच्या जवळ असा उड्या मारत असेल तर तो नॉइज नाही, शून्याच्या अलीकडे-पलीकडे हलणाऱ्या आकड्याचं चिन्ह हरवलंय.

आणि इथे मी सगळ्यात मोठा गाढवपणा केला. एका सीनियरने सांगितलं, दहा रीडिंगचं अ‍ॅव्हरेज घे, स्मूद होईल. झालं ना स्मूद! निम्मे शून्य आणि निम्मे चार, अ‍ॅव्हरेज दोन. आता उड्या कमी झाल्या पण आकडा पूर्ण खोटा, आणि चूक ओळखायची जी एकमेव खूण होती तीही पुसली गेली. कच्चा आकडा बरोबर आहे याची खात्री होईपर्यंत फिल्टर लावा म्हणणाऱ्या सीनियरला चहा पाजा आणि वाटेला लावा.

बरोबर कोड असा, सहाही बाइट एकदम मागवलेत असं धरून:

```cpp
uint8_t h = Wire.read();
uint8_t l = Wire.read();
int16_t x = (int16_t)((h << 8) | l);
float g = x / 16384.0f;
float a = g * 9.80665f;
```

सगळा जीव `int16_t` मध्ये आहे, डबा पुन्हा सोळा बिटांचा केला की चिन्ह परत येतं. दोन `read` वेगळ्या ओळींत घेतलेत तेही मुद्दाम, कारण एकाच ओळीत लिहिले तर आधी कुठला चालेल याची भाषा हमी देत नाही. माझ्याकडे ते कधी उलटं झालं नाही, पण झालं असतं तर `0xB2F2` म्हणजे उणे १.२० जी आलं असतं, आणि बाईक जागची न हलता आकडा इकडून तिकडे नाचला असता, कारण खालच्या बाइटची बारीक थरथर वरच्या जागी जाऊन बसते. एडीएक्सएल३४५ वापरणाऱ्यांनी तर जपूनच, त्यात खालचा बाइट आधी येतो.

त्या `16384.0f` मधला `.0f` काढू नका. काढलात तर पूर्णांकांचा भागाकार होतो आणि उणे ३४०६ चं सरळ शून्य होतं. आणि रेंज बदललीत तर भाजकही बदला, ४ जीला ८१९२, ८ जीला ४०९६, १६ जीला २०४८. टेबलावर झेड १ च्या ऐवजी ०.२५ दाखवत असेल तर रेंज ८ जी करून भाजक जुनाच ठेवलाय, दुसरं काही नाही.

आपल्या वरच्या रीडिंगचं उत्तर उणे ०.२०८ जी, म्हणजे उणे २.०४ मीटर प्रति सेकंद वर्ग. बारा अंशांचा साइन ०.२०८ च येतो, तेव्हा जमलं. पण इतकं तंतोतंत तुमचं आलं नाही तर घाबरू नका, डेटाशीटमध्येच एक्स आणि वायला प्लस-मायनस ०.०५ जी आणि झेडला ०.०८ जीपर्यंत शून्य सरकलेलं असू शकतं असं दिलंय. माझा झेड आजही १.०४ दाखवतो, त्याच्याशी माझं भांडण नाही.

तपासायला मी आता मॉड्यूल काडेपेटीला चिकटवतो आणि सहाही बाजूंवर उभं करतो. प्रत्येक अक्षाने एकदा साधारण १ आणि एकदा साधारण उणे १ दाखवायला पाहिजे. उणे १ च्या जागी ३ दिसला की परत `int16_t` कडे.