चार्ज लागण्याआधी चार्जशीट कशी वाचावी: पाचव्या आरोपीची फाइल

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात नव्यानं उभे राहणारे बरेच ज्युनिअर सेशन केसचं वकीलपत्र दाखल झालं की थेट साक्षीपुराव्याची तयारी सुरू करतात. मधला टप्पा, म्हणजे चार्ज लागायच्या आधीचे आठवडे, हा तारखा घेण्याचा काळ समजला जातो. माझं मत उलट आहे. त्या आठवड्यांत चार्जशीट नीट वाचली नाही, तर पुढे वर्षभर चुकीच्या कलमाशी भांडत बसावं लागतं.

आधी एक घोळ मिटवून टाकतो. चार्जशीट पोलिसांची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 खाली तपास अधिकाऱ्यानं कोर्टाला दिलेला तो अहवाल असतो, सोबत जबाब, पंचनामे, दाखले. चार्ज, म्हणजे दोषारोप, मात्र न्यायाधीश लावतात. पोलिसांनी लावलेली कलमं न्यायाधीशांवर बंधनकारक नसतात. त्यातलं एखादं गळू शकतं, नवं येऊ शकतं, किंवा एखादा आरोपी या टप्प्यावरच प्रकरणातून बाहेर पडू शकतो. शेवटच्याला आपण डिस्चार्ज म्हणतो. तो कलम 250 खाली होतो आणि चार्ज कलम 251 खाली लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमं 227 आणि 228 होती, आणि बारमध्ये अजूनही बरेच जण तेच आकडे बोलतात.

आता एक प्रकरण घेऊ. हे मी शिकवण्यासाठी रचलंय, पण असल्या फाइली आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात गवत उगवावं तशा येतात. पन्हाळ्याच्या बाजूचं गाव, उसाच्या शेतातला बांध, दोन भावक्या. फिर्यादीच्या भावाला मारहाण झाली. आरोपी पाच. पहिल्याच्या हातात कोयता, दुसरा, तिसरा आणि चौथा यांच्या हातात काठ्या. पाचवा पहिल्याचा चुलता, वय साठीच्या पुढं. घटना 1 जुलै 2024 नंतरची, म्हणून भारतीय न्याय संहिता लागते: कलम 109 खुनाचा प्रयत्न, आणि 189, 190, 191 बेकायदेशीर जमाव आणि दंगल. कलम 109 सेशन कोर्टातच चालतं, म्हणून तालुका कोर्टानं प्रकरण कमिट केलं, म्हणजे सेशन कोर्टाकडे पाठवलं.

पहिलं काम, आरोपीला मिळालेल्या नकला चार्जशीटबरोबरच्या कागदांच्या यादीशी ताडून बघणं. कलम 230 प्रमाणे आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांत त्या मिळायला हव्यात. यादीत जे आहे ते हातात नसेल तर आधी त्याचा अर्ज द्या, कारण न मिळालेल्या पानावर युक्तिवाद करता येत नाही. दुसरं, कमिट झाल्याची तारीख फाइलच्या कव्हरवर लिहून ठेवा. डिस्चार्जचा अर्ज त्या तारखेपासून 60 दिवसांत देता येतो. जुन्या कायद्यात ही मुदत नव्हती, त्यामुळे सिनिअर मंडळींच्या अंगवळणी ती अजून पडलेली नाही.

मग वाचन. माझ्या सिनिअरांची पद्धत मी उचललीय. एका कोऱ्या कागदावर पाच उभे रकाने, एका आरोपीला एक. प्रत्येक जबाब, पंचनामा आणि दाखला वाचताना ज्याच्याबद्दल जे लिहिलंय ते त्याच्या रकान्यात, पान क्रमांकासकट आणि जबाबाच्या तारखेसकट. सुरुवात फिर्यादीपासून करायचा मोह होतो. ते मात्र म्हणायचे, "डॉक्टरनं काय लिवलंय ते बघ आधी." कारण फिर्याद तापलेल्या डोक्यानं दिलेली असते आणि जखमांचा दाखला थंड डोक्यानं लिहिलेला.

आपल्या प्रकरणात सीपीआर रुग्णालयाच्या दाखल्यावर डाव्या मनगटाच्या वर कोयत्याची जखम आहे, त्याच हाताचं हाड मोडलंय, पाठीवर काठीचे वळ आहेत. डोक्याला, छातीला, पोटाला काही नाही. हाड मोडल्यानं दुखापत गंभीर ठरते. हे वाचून पहिल्या आरोपीचा वकील खूश होतो. त्याच्या मते हे खुनाचा प्रयत्न नाही, धारदार हत्यारानं गंभीर दुखापत, म्हणजे कलम 118(2). तसं ठरलं तर फायदा मोठा आहे. जो गुन्हा फक्त सेशन कोर्टातच चालतो तो उरला नाही, तर न्यायाधीश चार्ज लावून प्रकरण खालच्या कोर्टाकडे पाठवू शकतात. डिस्चार्ज न मागता फक्त 109 गाळून मागणं, हा रस्ता नवख्यांच्या लक्षातच येत नाही.

पण इथं जखमीचा त्या रात्रीचा जबाब वाचा. "त्यानं माझ्या डोक्यावर कोयत्याचा वार केला, तो मी डाव्या हातावर झेलला." हे एक वाक्य 109 टिकवायला पुरतं. खुनाच्या प्रयत्नात जखम किती झाली यापेक्षा वार कुठं आणि कुठल्या इराद्यानं केला हे महत्त्वाचं, आणि हातावरची जखम त्या वाक्याशी जुळते. चार्जच्या वेळी न्यायाधीश सरकारी कागद खरे धरून चालतात. ते सगळे खरे मानले तर गुन्हा दिसतो का, एवढंच बघायचं असतं. पुरावा चाळायचा, पण साक्षीदार खोटा की खरा हे ठरवायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1978 च्या प्रफुल्लकुमार सामल निकालात ही रेष आखून दिली. दोन शक्यता सारख्याच असतील आणि संशय आहे पण गंभीर नाही, तर न्यायाधीश आरोपीला सोडू शकतात. पहिल्या आरोपीच्या बाबतीत संशय गंभीरच आहे. त्याच्यासाठी अर्ज देऊ नका असंच मी सांगेन.

आता पाचवा रकाना. फिर्यादीत एकच ओळ: "पाचही जणांनी मिळून मारहाण केली." जखमीच्या पहिल्या जबाबात तो बांधावर उभा राहून शिव्या देत होता. दोन प्रत्यक्षदर्शी आहेत, त्यांच्या जबाबात त्याचं नुसतं नाव आहे, कृती काहीच नाही. मुद्देमाल जप्तीच्या पंचनाम्यांत एक कोयता आणि तीन काठ्या, चारही पहिल्या चौघांकडून. इथवर वाचून रकाना जवळजवळ रिकामा आहे.

कुणी म्हणेल, मग डिस्चार्ज नक्की. थांबा. कलम 190 मध्ये प्रत्येकानं मारलं पाहिजे असं नाही. जमावाचा समान उद्देश असेल तर जमावात असणं पुरतं. म्हणून "काठी नव्हती" एवढं म्हणून भागत नाही. तो जमावाचा भाग होता की आरडाओरडा ऐकून आलेला बघ्या, हे कागदांतून दाखवावं लागतं. शिव्या देणं हे अडचणीचं आहे, पण बांधाच्या वादात म्हातारा चुलता शिव्या देतो म्हणून त्याला खून करायचा होता असं होत नाही. इथं अर्ज द्यायला जागा आहे.

शिवाय एक हिशेब मांडा. बेकायदेशीर जमावाला किमान पाच माणसं लागतात. फिर्यादीत "आणि इतर अनोळखी" असे शब्द नाहीत. पाचवा जमावात नव्हताच असं कोर्टानं धरलं तर उरतात चार, आणि 190 कोलमडतं. मग काठीवाल्या तिघांना कोयत्याच्या वाराला जबाबदार धरायचं तर सरकारला कलम 3(5), म्हणजे समान इरादा, दाखवावा लागतो. तो जास्त कठीण असतो. एका म्हाताऱ्याच्या अर्जानं चार जणांच्या चार्जचा आकार बदलतो. म्हणूनच सरकारी वकील त्या अर्जावरच्या आपल्या 'से'मध्ये, म्हणजे लेखी म्हणण्यात, जोर लावतात.

आता फाइलच्या शेवटी जा. तिथं घटनेनंतर नवव्या दिवशीचा जखमीचा पुरवणी जबाब आहे: पाचव्यानं "ह्याला आज सोडू नका" असं ओरडून चिथावलं. हे एक पान सगळं फिरवतं. नवव्या दिवशी आठवलं, पहिल्या जबाबात नव्हतं, ही विसंगती आहे हे खरं. पण विसंगती उलटतपासात बाहेर काढायची असते. चार्जच्या वेळी न्यायाधीश बहुधा म्हणतील की हा जबाबही पुरावाच आहे, आणि चिथावणी म्हणजे समान उद्देश. माझ्या अंदाजानं हे पान असताना पाचव्याचा अर्ज फेटाळला जाण्याचीच शक्यता जास्त. आणि अर्ज देताना आपण ती विसंगती सरकारी पक्षाला आयती दाखवून देतो. जखमी साक्षीला येईल तेव्हा त्याचं उत्तर तयार असेल. हे पान असेल तर मी अर्ज देणार नाही, पहिला आणि पुरवणी जबाब शेजारी ठेवून उलटतपासाची वाट बघेन. हे पान नसेल तर मुदतीच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज देईन.

पक्षकार इथं हमखास एक कागद आणतो. पाचवा त्या वेळी दूध डेअरीवर होता, त्याची पावती आहे, वेळेसकट. पावती खरी असेलही. तरी या टप्प्यावर कोर्ट ती बघत नाही. देवेंद्रनाथ पाढी निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय की चार्जच्या वेळी फक्त सरकारी पक्षाचे कागद बघायचे, आरोपीचा बचाव नंतर. पण पोलिसांनी डेअरीचं सीसीटीव्ही फुटेज जप्त केलं आणि चार्जशीटला जोडलं नाही, असं जप्तीच्या पंचनाम्यावरून दिसत असेल तर गोष्ट वेगळी. तपासात मिळालेला आणि दडवलेला निर्विवाद दर्जाचा पुरावा कोर्ट मागवून घेऊ शकतं. म्हणून पंचनाम्यांतली प्रत्येक वस्तू चार्जशीटच्या यादीत आहे का हे बघायचं.

अर्ज दिला नाही किंवा फेटाळला गेला, तर सरकारी वकील ड्राफ्ट चार्ज देतात. तो हातात घेऊन तारीख, वेळ, जागा, कुणाच्या हातात काय, आणि 190 बरोबर 3(5) पर्यायी लावलंय का हे तपासा. पाचव्याचा चार्ज नुसता "जमावाचा सदस्य" म्हणतो की "चिथावणी दिली" म्हणतो, यावर तुमची अख्खी उलटतपासणी ठरते. मग न्यायाधीश आरोपीला चार्ज मराठीत वाचून दाखवतात, गुन्हा कबूल आहे का विचारतात. आरोपीला आधीच समजावून ठेवा. "मी तिथं होतो पण मारलं नाही" असं लांबण लावायची ती वेळ नव्हे. "कबूल नाही" एवढंच.

अर्ज फेटाळल्यावर हायकोर्टात रिव्हिजन करता येते. आता त्यासाठी मुंबईची गाडी धरायची गरज नाही. ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याच गावात बसतं. पण तिथंही चौकट तीच: कागद खरे धरले तर गुन्हा दिसतो का. रिव्हिजनला 90 दिवस असतात, आणि स्थगिती मिळाली नाही तर खाली साक्षी सुरूच राहतात.

आणि चार्ज लागला म्हणून रकान्यांचा कागद फेकू नका. निकाल लागेपर्यंत कोर्ट कलम 239 खाली चार्ज बदलू शकतं. जखमी साक्षीत डोक्यावरच्या वाराबद्दल गप्प राहिला तर युक्तिवादात 109 वर बोट ठेवता येतं. उलट, साक्षीत नवं काही आलं म्हणून सरकारनं चार्ज वाढवून घेतला, तर आधीच्या साक्षीदारांना त्या मुद्द्यावर परत बोलवायचा अर्ज त्याच तारखेला द्या.