तेलाच्या रेणूचा आकार काढताय? उत्तर अडीचपट येत असेल तर या चुका टाळा

भाचा अकरावीत आहे, मे मध्ये सुट्टीला नागपूरला आमच्याकडे आला होता आणि त्याला ओलिक ॲसिडचा प्रयोग घरीच करून बघायचा होता. म्हणजे ट्रेमधल्या पाण्यावर पावडर भुरभुरायची, मधोमध एक थेंब सोडायचा, पावडर बाजूला सरकून जो गोल मोकळा होतो त्याचं क्षेत्रफळ काढायचं आणि थेंबातलं तेल किती होतं त्याला त्याने भागायचं. थर एकाच रेणूचा असतो म्हणून ती जाडी म्हणजेच रेणूची लांबी, साधारण २ नॅनोमीटर. याचं आलं ४.९. "मामा, काहून असं येऊन राह्यलं?"

सगळ्यात मोठी चूक त्याने केली नव्हती हे आधी सांगतो. ती म्हणजे तेल पातळ न करता सरळ थेंब टाकणं. ०.०२ मिली शुद्ध ओलिक ॲसिड एका रेणूच्या थरात पसरायला जवळपास १० चौरस मीटर पाणी लागेल, आपला ट्रे त्यापुढे काहीच नाही, मग तेलाचे डोळे तरंगत राहतात आणि जाडी भलतीच येते. म्हणून १ मिली ॲसिडमध्ये स्पिरिट घालून एकूण २० मिली करायचं, त्यातलं १ मिली घेऊन परत स्पिरिटने २० मिली करायचं, म्हणजे थेंबात ४०० पैकी एकच भाग तेल. (एकूण २० करायच्या ऐवजी २० मिली वरून ओतलं तरी फरक १० टक्क्यांचाच पडतो, त्यावर डोकं खपवू नका.)

खरी गडबड थेंबात होती. त्याने ड्रॉपरने पाण्याचे थेंब मोजले, १ मिलीत २० भरले, म्हणून एक थेंब ०.०५ मिली धरला. पण ट्रेमध्ये सोडला तो स्पिरिटचा थेंब! स्पिरिटचा पृष्ठताण पाण्याच्या एक तृतीयांशच्या आसपास, त्यामुळे थेंब मोठा व्हायच्या आधीच तुटून पडतो. मी त्याला तयार द्रावणच त्याच ड्रॉपरने, तसाच सरळ धरून, छोट्या मोजपात्रात थेंब थेंब सोडायला लावलं, १ मिली भरायला ५० थेंब लागले. म्हणजे थेंब ०.०२ मिलीचा. गोल १८ सेंमी व्यासाचा होता, तो तसाच ठेवून हिशोब परत केला:

```
तेल      = 0.02 / 400 = 0.00005 घन सेंमी
क्षेत्रफळ = 3.14 × 9 × 9 = 254 चौ. सेंमी
जाडी     = 0.00005 / 254 = 0.0000002 सेंमी = 2 नॅनोमीटर
```

प्रयोग तोच, गोल तोच, फक्त थेंब बरोबर मोजला. आणि हो, वरती ९ आहे, १८ नाही, त्रिज्येच्या जागी व्यास टाकला की उत्तर थेट चौथाई होतं.

आता थेंब बरोबर मोजूनही जाडी जास्तच येत असेल तर गोल लहान पडतोय, आणि बहुतेक वेळा त्याला कारण भांडी घासायचा साबण. ट्रे कितीही चकाचक दिसू दे, साबणाचा थर पाण्यावर आधीच बसलेला असतो आणि तेलाला जागाच देत नाही. ट्रे भरपूर पाण्याने खळखळून घ्या, काठोकाठ भरा, कागदाची पट्टी पाण्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून वरचा थर काढून टाका. मग पावडर टाकून आधी नुसत्या स्पिरिटचा एक थेंब सोडा: पावडर पळाली पाहिजे आणि थोड्या वेळात परत मिटली पाहिजे. पळालीच नाही तर पाणी खराब, पळून मोकळी जागा तशीच राहिली तर स्पिरिटमध्येच काहीतरी आहे. पावडरही अगदी विरळ पाहिजे, दाट साय धरली तर तेलाला ती ढकलवत नाही. हळद चालणार नाही, तिचं स्वतःचं तेल असतं.

उलट जाडी दुपारभर कमी कमी होत गेली, २ नंतर १.७ नंतर १.४, तर बाटलीचं झाकण बघा. नागपूरच्या ४५ डिग्रीत स्पिरिट उडून जातं, द्रावण घट्ट होतं, प्रत्येक थेंबात तेल वाढत जातं आणि आपण मात्र ४०० नेच भागत बसतो. उरलेलं फेका, नवीन बनवा. कूलर बंद करायला विसरू नका, नाहीतर सगळी पावडर एका कोपऱ्यात आणि गोलाचा होतो पापड. (आम्ही दोघं घामाने निथळत होतो, ट्रेमध्ये एकही थेंब पडू नये म्हणून मान मागे घेऊन बघत होतो.)

हाच प्रयोग डिसेंबरच्या पहाटे कराल तर वेगळीच मजा, ओलिक ॲसिड १३-१४ डिग्रीच्या खाली गोठायला लागतं. बाटलीच्या तळाशी पांढरं काही दिसलं तर वरचं पातळ तेवढं ओढून घेऊ नका, बाटली कोमट पाण्यात धरून सगळं वितळवा, हलवा, मगच १ मिली काढा.