पत्रिकेतली तारखेची ओळ : या चुका टाळा

लग्नपत्रिकेचं प्रूफ घरी गेलं की सगळे नावं तपासतात. कुणाच्या नावापुढे ‘कै.’ राहिलं का, आत्याचे यजमान निमंत्रकांत आले का, यावर तासभर खल होतो. तारीख मात्र घरात सगळ्यांना पाठ असते, म्हणून ती ओळ कुणी वाचतच नाही. छापखान्यात पत्रिकांचा मजकूर जुळवण्याचं काम करताना मी सर्वांत जास्त फोन या एका ओळीसाठी घेतले आहेत.

गोंधळाचं मूळ असं, की या ओळीतल्या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या वेळी बदलतात. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो. तिथी तर दिवसातल्या कोणत्याही क्षणी संपते. दुपारच्या मुहूर्ताला तारीख-वाराचा त्रास होत नाही, मध्यरात्रीनंतरच्या मुहूर्ताला हमखास होतो.

सोलापुरात तेलुगू घरांतून मध्यरात्रीनंतरचे मुहूर्त निघतात. समजा, गुरुजींनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘शुक्रवार, रात्री १२.४७’, आणि तो शुक्रवार म्हणजे ६ डिसेंबर २०२४. घड्याळाप्रमाणे तेव्हा शनिवार ७ तारीख लागलेली असते, पण सूर्य उगवेपर्यंत गुरुजींचा शुक्रवारच चालू असतो. हुशारी करून ‘शनिवार, ७ डिसेंबर, रात्री १२.४७’ छापलं, तर निम्मे पाहुणे शनिवारी रात्री रिकाम्या कार्यालयासमोर उभे राहतील. ‘शुक्रवार, ६ डिसेंबर, रात्री १२.४७’ छापलं तर गावातले बरोबर येतील, पण मोबाइलमध्ये ६ तारीख आणि ००:४७ टाकणारा पुण्याचा भाचा गुरुवारी रात्रीच हजर होईल. अशा वेळी जागा वाचवू नका. सरळ लिहा :

शुक्रवार, दि. ६ डिसेंबर २०२४ च्या रात्री, म्हणजे शनिवार दि. ७ उजाडण्यापूर्वी, १२ वाजून ४७ मिनिटांनी. पाहुण्यांनी शुक्रवारी रात्री ८ पर्यंत यावे.

ओळ लांबते, लांबू द्या. तिच्यासाठी गणपतीचं चित्र जरा बारीक केलं तर काही बिघडत नाही.

तिथीबद्दलही एक फोन ठरलेला. त्याच ६ डिसेंबरला सूर्योदयाला मार्गशीर्ष शुद्ध पंचमी होती आणि ती दुपारी बाराच्या सुमारास संपली. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असेल, तर पंचांग बघणारे आजोबा विचारणारच, की तेव्हा षष्ठी आहे, मग पंचमी का छापलीत? पत्रिकेत सहसा सूर्योदयाची तिथी देतात, त्यामुळे चूक धरू नये; पण छापण्याआधी गुरुजींना एकदा विचारून घ्या, नाहीतर ऐन लग्नघरात वाद रंगतो. तिथीची वृद्धी झाली तर एकच तिथी लागोपाठ दोन सूर्योदयांना येते. म्हणून नुसत्या तिथीवर कुणाला बोलावू नका, वार आणि तारीख जोडीला हवीच.

सोयरीक इंदूरकडच्या हिंदी भाषक घरात असेल तर आणखी एक अडचण. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. आपली कार्तिक वद्य पंचमी त्यांच्या पत्रिकेत मार्गशीर्ष कृष्ण पंचमी असते. दिवस तोच, महिन्याचं नाव दुसरं. शुद्ध पक्षात हा फरक पडत नाही.

आता अंकांकडे या. ‘१२.५’ हा सर्वांत वाईट अंक. बारा वाजून पाच मिनिटं, साडेबारा, की शेवटचं शून्य उडालेलं बारा पन्नास? मी एकदा हाच अंक तसाच छापून बसलो आणि नंतर साडेतीनशे पत्रिकांवर पेनाने दुरुस्ती केली. ‘दुपारी १२ वाजून ०५ मिनिटांनी’ असंच लिहा. नक्षीदार टाइपात १ आणि ९ सारखे दिसतात, ११ चे १९ होतात. बाकी पत्रिका हवी तितकी वळणदार करा, तारीख-वेळ साध्या जाड टाइपात ठेवा.

आणि मुहूर्ताची वेळ ही येण्याची वेळ नव्हे. मंगलाष्टकं आधीच सुरू झालेली असतात, त्या मिनिटाला अंतरपाट दूर होतो. १२.३५ वाचून १२.३५ ला पोहोचलेल्याच्या हातातल्या अक्षता हातातच राहतात. मुहूर्ताखाली ‘उपस्थिती : सकाळी ११.३० पासून’ एवढी वेगळी ओळ टाका.

प्रूफ पक्कं करण्याआधी तारीख आणि वार भिंतीवरच्या कॅलेंडरशी जुळवा. मग प्रूफ लग्नाबद्दल काहीच माहीत नसलेल्या शेजाऱ्याच्या हातात द्या. ‘बरोबर आहे का?’ असं विचारू नका, तो ‘हो’च म्हणेल. विचारा, ‘तुम्ही घरातून कोणत्या वारी, किती वाजता निघाल?’