परिषदेनंतरचं आभारपत्र: हॉटेलच्या सेल्स विभागाने या चुका टाळा

परिषद आटोपली की हॉटेलकडून कंपनीला बहुतेक वेळा ठरलेलं पत्र जातं: "आमच्या हॉटेलची निवड केल्याबद्दल आभार. पुन्हा सेवेची संधी द्यावी." नाव बदललं की हेच पत्र दुसऱ्या कंपनीलाही चालतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

पत्र बिलासोबत पाठवणं ही आणखी एक चूक. मग आभार म्हणजे वसुलीची प्रस्तावना वाटते. पत्र दोन-तीन दिवसांत स्वतंत्र जाऊ द्या. त्याआधी अकाउंट्समध्ये विचारा, बिलातल्या एखाद्या रकमेवरून वाद चालू आहे का? असेल तर आधी तो मिटवा. पत्र संचालकांच्या नावे असलं, तरी ज्यांनी रोज तुमच्या बँक्वेट मॅनेजरशी बोलून सगळं जुळवलं त्यांचा उल्लेख हवाच. पुढच्या वेळी हॉटेलांची यादी बहुधा तेच काढणार असतात.

सर्वांत महागात पडते ती घडलेली गडबड लपवण्याची चूक. समजा, दोन दिवसांच्या परिषदेत दुसऱ्या दिवशी सकाळी माइक बंद पडला आणि जेवण अर्धा तास लांबलं. सभागृहातल्या प्रत्येकाने हे पाहिलंय. अशा वेळी "परिषद निर्विघ्न पार पडली" असं लिहिलं, तर बाकीच्या पत्रावरचा विश्वासही उडतो. त्याऐवजी असं लिहा:

"दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात माइक बंद पडल्याने आपला वेळ गेला, याबद्दल दिलगीर आहोत. यापुढे प्रत्येक सत्राआधी ध्वनिव्यवस्था तपासली जाईल आणि पर्यायी माइक सभागृहातच ठेवला जाईल. त्या गडबडीतही आपल्या समन्वयकांनी जेवणाची वेळ पुढे नेण्याचा निर्णय तत्काळ घेतला, म्हणून आमच्या स्वयंपाकघराला सगळं गरम वाढता आलं. त्यांचे विशेष आभार."

मात्र जे खरंच करणार आहात तेवढंच लिहा. पुढच्या खेपेला कंपनीची माणसं तो पर्यायी माइक शोधतील.

आता पत्रातून पुढचं काम सुचवण्याबद्दल. इथे सवलतीचा आकडा किंवा दरपत्रक जोडलं की आभारपत्राची जाहिरात होते. उलट "पुन्हा भेटू" एवढंच लिहिलं, तर समोरच्याला उत्तर द्यायला काही उरत नाही. त्यांच्याच कार्यक्रमाला धरून एकच वाक्य पुरतं: "आपली वार्षिक परिषद पुढच्या वर्षीही याच सुमारास असेल, तर तारखा ठरू लागल्यावर कळवावं, पक्की नोंदणी होईपर्यंत मोठं सभागृह काही दिवस आपल्यासाठी राखून ठेवू." हे लिहिण्यापूर्वी आरक्षण विभागाशी बोलून किती दिवस राखता येईल ते ठरवून घ्या. कंपनीचा फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो.