कॉन्टॅक्टर ओढत नाही : पॅनलचे ड्रॉइंग वाचताना या चुका टाळा

मुख्य पंपाचा कॉन्टॅक्टर के३ ओढत नाही, अशी तक्रार होती. ड्रॉइंगच्या १४ व्या पानावर त्याच्या २४ व्होल्ट डीसी कॉइलच्या वाटेत आधी ओव्हरलोडचा ९५-९६ आणि नंतर के५ चा २१-२२ हा एनसी कॉन्टॅक्ट दाखवलेला होता. मीटरची काळी प्रोब कंट्रोल सप्लायच्या शून्य व्होल्ट टर्मिनलवर ठेवून तपासले असता २१ वर २४ व्होल्ट मिळाले, २२ वर काहीच नाही. तंत्रज्ञाने कॉन्टॅक्ट खराब ठरवून के५ चा ऑक्झिलरी ब्लॉक बदलला. दोष मात्र तसाच राहिला.

येथे पहिली चूक म्हणजे एनसी म्हणजे नेहमी जोडलेलाच, असे धरून चालणे. ड्रॉइंगमध्ये कॉन्टॅक्ट दाखवतात ते कॉइलला सप्लाय नसतानाच्या स्थितीत. के५ ओढलेला असेल, तर त्याचा २१-२२ उघडा असणे हे तो कॉन्टॅक्ट चांगला असल्याचेच लक्षण आहे.

दुसरी चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे एकाच पानावर अडकून राहणे. त्या कॉन्टॅक्टजवळ १७.२ असे लिहिलेले होते, म्हणजे के५ ची कॉइल १७ व्या पानाच्या दुसऱ्या रकान्यात आहे. (आकड्यांची ही रीत प्रत्येक संचात सारखीच असेल असे नाही, म्हणून सुरुवातीचे खुलाशाचे पान आधी पाहावे.) १७ व्या पानावर कॉइलखाली के५ च्या सर्व कॉन्टॅक्टचा तक्ता असतो : २१-२२ साठी १४.६ आणि तीन मुख्य कॉन्टॅक्टसाठी ६.३. पहिली नोंद आपण जेथून आलो तेथेच परत नेते, त्यामुळे वाट बरोबर असल्याची खात्री पटते.

के५ हा राखीव पंपाचा कॉन्टॅक्टर होता. त्याचा दारावरील सिलेक्टर स्विच कोणीतरी मॅन्युअलवर ठेवला होता, म्हणून कॉइलला सप्लाय मिळत होता. पंप मात्र बंद होता, कारण सहाव्या पानावर दाखवलेला त्याचा ब्रेकर ट्रिप झालेला होता आणि त्या ब्रेकरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट कॉइलच्या वाटेत घेतलेलाच नव्हता. पंप थांबलेला दिसल्यामुळे के५ ओढलेला असेल, ही शंका कोणाला आली नाही. स्विच ऑटोवर घेताच के५ सुटला आणि के३ ओढला.

ए१ वर २४ व्होल्ट असूनही कॉन्टॅक्टर ओढत नसेल, तर थेट ए१ आणि ए२ यांच्यामध्ये मोजावे. तेथे शून्य आल्यास ए२ कडून शून्य व्होल्टकडे जाणारा लूप तुटलेला असतो. सप्लायच्या टर्मिनलवर किंवा पॅनलच्या बॉडीवर काळी प्रोब ठेवून मोजणाऱ्याला हा दोष दिसतच नाही.